आत्याचं बर्थ कार्ड अखेर सापडलं (आणि वर्षाचं कार्ड १४!)

गेल्या वेळी आत्याच्या टॅरो वाचनात अडकले होते: जन्मतारखेच्या बेरजेवरून निघणारं तिचं बर्थ कार्ड ठरत नव्हतं, कारण खरी तारीखच पक्की नव्हती. शाळेच्या दाखल्यावर १ जून १९७१. त्यावरून १+६+१९७१ = १९७८, १+९+७+८ = २५, २+५ = ७, म्हणजे चॅरिअट. पण मालवणात त्या पिढीतल्या निम्म्यांचा वाढदिवस १ जूनलाच असतो, शाळेत घालताना मास्तर तीच तारीख लिहीत. चॅरिअट ठेवून दोनदा मांडणी केली, दोन्ही वेळा काहीच बोलेना.

घरात एवढंच माहीत होतं, की आत्या नारळी पौर्णिमेची, आणि त्या रात्री ग्रहण होतं. १९७१ची नारळी पौर्णिमा ६ ऑगस्टला, त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. मला वाटलं सुटलं! पण ग्रहण रात्री साडेअकराच्या सुमारास लागलं आणि ७ तारखेच्या पहाटेपर्यंत चाललं. जन्म मध्यरात्रीनंतरचा असेल तर ७+८+१९७१ = १९८६, त्याचे २४, मग ६: लव्हर्स. आधीचा असेल तर १९८५, त्याचे २३, मग ५: हायरोफंट. चार दिवस यातच गेले.

शेवटी मोठ्या आजीला विचारलं. ती म्हणाली, "वेधात झाला ता चेडू, गिराण मगे लागला." वेध म्हणजे ग्रहण लागण्याआधीचा काळ, तेव्हा ६ ऑगस्टच. हायरोफंट!

आता वर्षाचं कार्ड. जन्मदिवस, जन्ममहिना आणि चालू वर्ष: ६+८+२०२५ = २०३९, त्याचे १४, टेम्परन्स. सुटे आकडे मिळवणाऱ्यांना इथे २३ येऊन थेट ५ मिळतो आणि १४ दिसतच नाही. म्हणूनच मी पूर्ण संख्या मिळवते आणि २२ च्या वर गेलं तरच पुन्हा बेरीज करते. १४ वर थांबले, तरी त्याचे आकडे मिळवले तर १+४ = ५, म्हणजे जन्माच्याच घरातलं कार्ड. वयाला नवाने भाग गेला की असं होतं, आणि आत्याला ५४ पूर्ण झाली. टेम्परन्समधल्या देवदूताचा एक पाय पाण्यात, एक जमिनीवर. आत्याचं घर खाडीकाठी, भरतीला पाणी पायरीला लागतं. कार्ड हातात धरून ती बराच वेळ बोलली नाही.

मांडणी वाढदिवस ते वाढदिवस: मधोमध १४, त्याखाली ५, भोवती बारा महिने. दोन्ही कार्डं आधीच बाजूला काढते. मात्र या दमटपणात मॅट कार्डं फुगतात. माझ्या हायरोफंटची कड पापडासारखी उचललीय, पिसताना बोटाला आधीच कळतं. पावसात ग्लॉसीच घ्या, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

लिहितालिहिता सुचलं: पुढच्या वेळी १४ बाजूला न काढता गठ्ठ्यातच ठेवते. ते एखाद्या महिन्यावर आलं तर त्या महिन्याकडे जास्त लक्ष द्यायचं, मधोमध फक्त हायरोफंट. मोठ्या आजीचीही तारीख काढायची आहे. तिला फक्त एवढंच आठवतं, की ती शिमग्यातली.