बर्फाच्या खणातलं आलं-लसूण

उन्हाळ्याच्या तोंडाशी नवा लसूण स्वस्त होतो आणि मी दरवर्षी दोन किलो जास्तच आणते. पावसाळ्यात त्याच लसणाला कोंब फुटतात, आलं सुरकुततं किंवा बुरशी धरतं, हे माहीत असूनही. म्हणून एक रविवार पेस्टचा.

पाकळ्या सोलायचं काम सगळ्यात कंटाळवाणं. अर्धा तास कोमट पाण्यात ठेवल्या की सालं सुटतात, पण मग फडक्यावर पसरून खडखडीत कोरड्या करायच्या. आल्याच्या आडव्या पातळ चकत्या करते, नाहीतर त्याचे दोरे मिक्सरच्या पात्याला गुंडाळतात. आलं नि लसूण निम्मं-निम्मं, थोडं मीठ, दोन चमचे तेल. पाणी मात्र थेंबभरही नाही. पाण्याने पेस्ट फ्रीजरमध्ये काचेसारखी होते आणि कढईत टाकताच तडतडून अंगावर येते.

पहिल्या वर्षी हीच पेस्ट सकाळी हिरवीगार झालेली दिसली. मी ती ओतून द्यायला निघाले, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, थांब. वास घे आधी." वास चांगलाच होता. लसूण ठेचला की त्यातल्या गंधकाच्या द्रव्यांची अमिनो आम्लांशी गाठ पडून असा रंग येतो. लसूण बरेच दिवस थंडीत राहिलेला असला किंवा पेस्टमध्ये लिंबू पिळलं, तर जास्तच. खायला काही हरकत नाही. टाकायची ती बुरशी आलेली, आंबूस किंवा बुळबुळीत झालेली.

खरी भीती वेगळीच आहे आणि ती दिसतही नाही, वासालाही येत नाही. लसूण तेलात बुडवून बरणी ओट्यावर ठेवली, तर तेलाखाली हवा पोचत नाही. मातीतून आलेले बोट्युलिझमचे जंतू तिथे वाढून विष तयार करू शकतात. म्हणून तेलातला कच्चा लसूण फ्रीजमध्येही तीन-चार दिवसच. महिनोन्महिने हवा असेल तर फ्रीजरच.

पेस्ट मी बर्फाच्या ट्रेमध्ये अर्धे खण भरून गोठवते. एक वडी चौघांच्या भाजीला पुरते. वड्या घट्ट झाल्या की लगेच पिशवीत, हवा दाबून काढून. चारेक महिने चव टिकते, मग तिखटपणा उतरतो. चहाचं आलं सालासकट अख्खं गोठवते. वितळलं की ते स्पंजासारखं लिबलिबीत होतं, म्हणून वितळूच द्यायचं नाही. गोठलेलंच किसणीवर धरायचं, बारीक भुगा पडतो.

वाळवण्याचाही प्रयोग केला. सोलून चकत्या आठवडाभर उन्हात ठेवल्या. किलोभर आल्यात पाणीच इतकं की उरली जेमतेम दोन मुठी सुंठ. पण वाळताना आल्यातला जिंजेरॉल बदलून शोगाओल होतो, तो जास्त झणझणीत. त्यामुळे सुंठ भाजीत आल्याची जागा घेत नाही. ती सुंठवड्याची नि काढ्याची.

आणि ट्रे वेगळा ठेवा. आमच्याकडे मे महिन्यात पाहुण्यांनी लिंबू सरबताचा पहिला घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि अगदी हळूच विचारलं, "आज मटण आहे का?"