साहेबांची वीस मिनिटं

मंगळवार, रात्री. अंबडहून घरी यायला आज उशीर झाला, पण मन शांत आहे. एमडी साहेबांची वेळ मिळाली.

गेल्या गुरुवारी पुण्याच्या कॉम्प्रेसरवाल्यांचा मेल आला होता, साहेबांना भेटायचंय म्हणून. मी तो जसाच्या तसा साहेबांच्या वेळा सांभाळणाऱ्या ईए मॅडमना फॉरवर्ड केला आणि वर एकच ओळ लिहिली, ‘कृपया सोयीनुसार वेळ द्यावी.’ चार दिवस उत्तर नाही. काल मीच त्यांच्या टेबलाशी गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, “सर, अशा भेटी मागणारे आठवड्याला कितीतरी मेल येतात. यात साहेबांनी नक्की काय ठरवायचं आहे, तेच मला कळलं नाही. मग मी त्यांना काय सांगून वेळ मागू?”

बोलणं मनाला लागलं, कारण खरं होतं. पुरवठादाराच्या वतीने मी वेळ मागतो, तेव्हा त्याचा निरोप पुढे ढकलून माझं काम संपत नाही. ही भेट साहेबांपर्यंत जायलाच हवी का, हे आधी मी ठरवायला हवं.

जागेवर येऊन विचार केला. मशीनचं तांत्रिक बोलणं मेंटेनन्स हेडपाशी झालंय. तिन्ही पार्ट्यांचे दर उघडून तुलना पूर्ण आहे. ती चालू असती तर एकाच पार्टीला साहेबांसमोर बसवणं बाकीच्यांवर अन्याय झाला असता, आणि मी वेळ मागितलीच नसती. अडलंय फक्त ॲडव्हान्सवर. त्यांना ऑर्डरसोबत ३० टक्के हवेत, आणि आमचा नियम असा की बँक गॅरंटीशिवाय ॲडव्हान्स नाही. माणूस लहान कारखानदार. गॅरंटी काढायची तर बँक मार्जिन म्हणून त्याचेच पैसे अडकवून ठेवते, मग कच्चा माल कशातून आणायचा? नियमाला अपवाद करायचा अधिकार फक्त साहेबांना. म्हणजे भेट हवी ती एवढ्याचसाठी.

मग नवा मेल लिहिला. गेला इंग्रजीतच, पण मजकूर असा:

‘विषय: कॉम्प्रेसर ॲडव्हान्सचा निर्णय, २० मिनिटं, बुधवार किंवा गुरुवार

मॅडम, बँक गॅरंटीशिवाय ३० टक्के ॲडव्हान्स द्यायचा का, हे साहेबांनी ठरवायचं आहे. आमचा पर्याय: १० टक्के ऑर्डरसोबत, २० टक्के त्यांच्या कारखान्यात मशीन तपासल्यावर. डिलिव्हरी दहा आठवड्यांची आहे आणि मशीन दिवाळीच्या शटडाऊनमध्ये बसवायचंय, म्हणून ऑर्डर ऑगस्टअखेर निघायला हवी. येणार मालक एकटे, सोबत मी. पुण्याहून येतात, त्यामुळे दोन्ही दिवशी ११:३० ते ४ मधली कुठलीही वेळ चालेल. एका पानाची टिपणी आदल्या दिवशी पाठवतो. वेळ नंतर हलवावी लागली तरी हरकत नाही, त्यांची मेंटेनन्सशी बैठक त्याच दिवशी ठेवली आहे.’

शेवटचं वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. साहेबांची वेळ ऐनवेळी सरकते, हे कुणाला चुकलंय? पण त्यासाठी दोनशे किलोमीटर आलेला माणूस रिसेप्शनवर बसून परत जावा, हे मला पटत नाही. दुसरी बैठक जोडली की त्याची खेप वाया जात नाही, आणि मॅडमनाही वेळ हलवताना अवघड वाटत नाही.

पार्टीने मागितला होता एक तास, प्रेझेंटेशनसकट. मीच फोन करून प्रेझेंटेशन मेंटेनन्सच्या बैठकीत घ्यायला सांगितलं. तो थोडा हिरमुसला. “साहेबांना मशीन दाखवायचं होतं हो,” म्हणाला. समजावलं, की साहेबांसमोर पैशाचंच बोला, तिथेच तुमचं काम अडलंय.

मेलमध्ये त्याला सीसीत ठेवलं नाही. मॅडमनी उत्तरात साहेबांचा दौरा, इतर बैठका असं काही लिहिलं, तर ते बाहेर जाता कामा नये. आणि झालंही तसंच. तासाभरात उत्तर आलं, त्यात बुधवारी साहेब कुठे आहेत तेही होतं. गुरुवारी १२:१० ची वेळ त्यांनी आधी नुसती धरून ठेवली. मीही पार्टीला ‘अजून पक्कं नाही’ एवढंच कळवलं. पक्की झाल्याचा इन्व्हाइट आज संध्याकाळी त्यांच्याकडूनच आला, तेव्हा कुठे मी त्याला फोन केला.

सकाळी सहाला निघा म्हटलंय, सिन्नरला चहाला थांबलात तरी वेळेत पोचाल. गाडीचा नंबर आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर मागून घेतलाय, उद्या गेटपासला द्यायचा. टिपणीचं पानही उद्या दुपारपर्यंत मॅडमकडे जायला हवं. त्यात पहिल्या ओळीत १० आणि २० चा पर्याय ठेवतो, दरांचा तक्ता खाली.