रात्री साडेनऊची गळती

ऐरोली, मंगळवार रात्र

आज इंटरनेट कंपनीला अखेर सविस्तर पत्र पाठवलं. रोज रात्री नऊ वाजले की हिच्या ऑनलाइन शिकवणीत आवाज तुटायला लागतो. तक्रार केली की दुसऱ्या दिवशी दुपारी माणूस येतो, स्पीड टेस्ट लावतो, १०० एमबीपीएस दाखवतो आणि तक्रार बंद करून जातो. दुपारी सगळं ठीकच असतं, हे त्याला कितीदा सांगायचं? शिवाय थोडे पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, हरवले तरी स्पीड टेस्टचा आकडा चांगला येऊ शकतो, कारण हरवलेलं पुन्हा मागवलं जातं. बोलण्यात तेवढी सवड नसते. शब्द गेला तो गेला.

म्हणून वाय-फाय बंद केलं, लॅपटॉपला थेट लॅन केबल लावली आणि वाटेतल्या प्रत्येक राऊटरपाशी किती पॅकेट हरवतात आणि किती वेळ लागतो ते दाखवणारी ही चाचणी सकाळी अकराला व रात्री साडेनऊला घेतली:

```
mtr -n -r -c 300 1.1.1.1
```

सकाळी शेवटपर्यंत लॉस शून्य. रात्री घरचा राऊटर शून्य, पण त्याच्या पुढचा, म्हणजे कंपनीचा पहिला टप्पा ७ टक्के, आणि तिथून अगदी शेवटपर्यंत तेवढाच. त्या टप्प्याचा वेळही ४ मिलिसेकंदांवरून ६८ वर गेलेला.

चौथ्या टप्प्यावर ६० टक्के लॉस दिसतो. तो मोठा आकडा बघून आधी तोच पत्रात घालावासा वाटला. पण तो सकाळीही तितकाच असतो आणि तेव्हा त्याच्या पुढचे टप्पे स्वच्छ असतात. म्हणजे तो राऊटर पुढचे पॅकेट नीट पाठवतो, फक्त चाचणीच्या त्याच्यापाशी संपणाऱ्या पॅकेटना स्वतः उत्तर द्यायला कंजुषी करतो. खरी गळती जिथे सुरू होते तिथून शेवटपर्यंत दिसते. तो आकडा तक्रारीत घातला असता, तर त्यांच्या इंजिनिअरने नेमका तोच खोडून काढला असता आणि बाकीचं वाचलंच नसतं. दोन्ही रिपोर्ट मात्र काटछाट न करता जोडलेत.

फायबरच्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर ऑप्टिकल पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद, दोन्ही वेळा उणे २१ डीबीएम आहे. केबल वाकली असती किंवा कनेक्टर खराब असता तर ती घसरली असती. फक्त रात्रीच लॉस आणि सोबत वाढलेला वेळ, यावरून मला वाटतं की गर्दीच्या तासांत त्यांच्या ओएलटीपाशी, म्हणजे आमच्या भागातली फायबर कनेक्शनं जिथे एकत्र येतात त्या यंत्रापाशी, किंवा त्याच्या पुढची लिंक भरते. खात्री त्यांच्याच आलेखावर होईल. म्हणून पत्रात सरळ लिहिलं: ‘आमच्या ओएलटीच्या पोर्टचा आणि त्याच्या अपलिंकचा रात्री नऊ ते साडेअकराचा वापर तपासा. राऊटर बदलून देऊ नका. रात्री साडेनऊला हीच चाचणी पुन्हा घेतल्याशिवाय तक्रार बंद करू नका.’

तक्रारीचा डॉकेट नंबर आलाय. आता पुन्हा परस्पर बंद केली तर याच नंबरावर त्यांच्या अपील प्राधिकरणाकडे जाणार, हेच रिपोर्ट घेऊन.