मावसभावाला फोटोत उभं करताना

घराच्या अंगणात काढलेल्या ग्रुप फोटोत माझा मावसभाऊ नव्हता. त्याचा दुसरा एक उभा फोटो होता. तो कापून मामांच्या शेजारी, पण अर्धं पाऊल मागे चिकटवायचा एवढंच काम होतं. मी त्याचं डोकं मामांच्या डोक्याच्या ओळीत आणलं, सावली दिली आणि आईला दाखवलं. ती लगेच म्हणाली, "अरे, हा मामापेक्षा चांगला उंच आहे. इथे असा खुजा का दिसतोय?"

मी लेयर ताणून मोठा केला, तर तो राक्षस दिसायला लागला. मग अंदाजाचा नाद सोडून क्षितिजरेषा शोधायला बसलो.

अंगणात क्षितिज कुठलं दिसायला? पण फरशीचे सांधे लांबवर जाताना जवळजवळ येत होते. त्यातल्या दोन सांध्यांवर रेघा मारून त्या पुढे वाढवल्या. कुंपणाच्या भिंतीच्या वरच्या आणि खालच्या कडाही वाढवल्या. चारही रेघा जवळपास एकाच बिंदूत मिळाल्या. फोटो तिरका नव्हता, म्हणून त्या बिंदूतून सरळ आडवी रेघ ओढली. फोटोच्या वरच्या कडेपासून ती १४०० पिक्सेलवर आली.

ही रेघ म्हणजे कॅमेऱ्याची उंची. सपाट जमिनीवर कुठेही उभ्या असलेल्या वस्तूला ती जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर छेदते, मग वस्तू जवळ असो की लांब. कॅमेरा किती उंचीवर होता ते कळलं की बाकी नुसतं त्रैराशिक.

ती उंची काढायला मागचं दार घेतलं. टेपने मोजलं, चौकट २१० सेंमी. फोटोत ती ९०० पिक्सेल होती आणि तिचं खालचं टोक क्षितिजरेषेच्या ५४० पिक्सेल खाली. म्हणजे कॅमेरा २१० × ५४० ÷ ९०० = १२६ सेंमीवर. हे मामांवर पडताळून पाहिलं. मामा १६८ सेंमी, त्यांचे पाय २६०० वर, म्हणजे रेघेच्या १२०० खाली. हिशोबाने ते १६०० पिक्सेल यायला हवे होते. मोजले तर १४४०! इतका फरक मोजण्यातल्या चुकीने पडत नाही.

मग दार झूम करून पाहिलं. उंबऱ्याखाली एक पायरी होती. रोज तिच्यावरून चढतो-उतरतो, पण हिशोबात दार जमिनीवर उभं आहे असंच धरलं होतं. शेजारी भिंत जमिनीला टेकते तिथे मोजलं, तर २००० पिक्सेल. आता रेघेपासून जमीन ६०० पिक्सेल खाली, आणि कॅमेरा २१० × ६०० ÷ ९०० = १४० सेंमीवर. मामांचं गणित १२०० × १६८ ÷ १४० = १४४०. बरोब्बर.

भाऊ १८२ सेंमी. त्याचे पाय २४०० वर ठेवले होते, म्हणजे रेघेच्या १००० पिक्सेल खाली. १००० × १८२ ÷ १४० = १३०० पिक्सेल. डोकं ११०० वर, म्हणजे मागे उभा असूनही मामांच्या डोक्यापेक्षा ६० पिक्सेल वर. आधी मी डोकी एका ओळीत आणली तेव्हा तो १२४० पिक्सेलचा होता, म्हणजे जेमतेम १७४ सेंमीचा. आईच्या नजरेला हेच आठ सेंमी खुपले होते.

पाय कुठे टेकलेत हे धरण्यात मात्र हयगय चालत नाही. मी बुटाचं टोक न धरता टाच आणि चवडा यांच्या मधला भाग धरला. क्षितिजरेषा थोडी चुकली तर तितकं बिघडत नाही. मी मुद्दाम ती ३० पिक्सेल वर सरकवून सगळं पुन्हा केलं, तर भावाची उंची १२७५ पिक्सेल आली. चूक दारातही शिरते आणि भावातही, त्यामुळे बरीचशी आपोआप कटते.

एवढं करूनही काहीतरी खटकत होतं. १४० सेंमीची रेघ १८२ सेंमीच्या माणसाच्या खांद्याच्या जरा खालून, काखेच्या आसपास जायला हवी, आणि माझ्या फोटोत ती जातही होती. पण भावाच्या मूळ फोटोत मागच्या भिंतीच्या रेघा वाढवल्या तर त्या त्याच्या कमरपट्ट्याजवळ मिळत होत्या. तो फोटो कुणीतरी बसून काढलेला. त्यामुळे हनुवटीचा खालचा भाग दिसत होता, आणि आकार कितीही बदलला तरी तो जाणार नव्हता. त्याच्याकडून उभ्याने काढलेला दुसरा फोटो मागवला आणि तोच १३०० पिक्सेलचा करून बसवला.

उतारावर किंवा जिन्यावर हा हिशोब असाच लावता येत नाही, आणि कॅमेरा खूप वर-खाली झुकवलेला असेल तर आधी भिंतींच्या उभ्या कडा सरळ कराव्या लागतात. आमचं अंगण सपाट निघालं, पायरी सोडली तर.