नोंद चौथी: हेलियमच्या एका कार्डाने घेतलेले तीन आठवडे

क्लूवरून मूलद्रव्य ओळखायचा कार्डांचा खेळ मी बनवते आहे, आणि मागच्या नोंदीपर्यंत त्यातल्या मूलद्रव्यांची यादी पक्की झाली होती. पहिली २० मूलद्रव्यं घेतली आणि त्यांत लोह, तांबं, जस्त, गॅलियम, ब्रोमीन, चांदी, आयोडीन, सोनं, पारा आणि शिसं अशी १० ची भर घातली. खेळ दहावीच्या वर्गासाठी आहे. माझी वहिनी कळव्याच्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवते, तिच्या वर्गातच चाचण्या चालू आहेत. मुलांचे आठ गट असतात. प्रत्येक कार्डावर तीन क्लू आहेत. पहिल्या क्लूवर ओळखलं तर ३ गुण, दुसऱ्यावर २, तिसऱ्यावर १. संज्ञा बिनचूक लिहिली की १ गुण वर, गण बरोबर सांगितला की आणखी १.

या वेळी फक्त हेलियमच्या कार्डाबद्दल लिहिते आहे, कारण क्लू कसे तपासायचे हे मला त्याच कार्डाने शिकवलं.

पहिल्या आवृत्तीत पहिला क्लू होता, "माझ्या बाह्यतम कवचात दोनच इलेक्ट्रॉन आहेत." माझ्या अंदाजाने यात चार मूलद्रव्यं बसत होती: हेलियम, बेरिलियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम. कार्डं कापायच्या आधी वहिनीला दाखवली. ती म्हणाली, "अगं, जस्त राहिलं. लोहाच्याही शेवटच्या कवचात दोनच असतात, पाऱ्याच्याही." बरोबर होतं. मी फक्त पहिल्या वीसचा विचार केला होता, आणि यादीत नंतर घातलेली दहा तपासलीच नव्हती. चार नव्हे, सात.

त्या दिवशी रात्री एक्सेलमध्ये तक्ता केला. उभ्या रकान्यात ३० मूलद्रव्यं, आडव्या ओळीत त्या कार्डाचे क्लू, आणि जिथे क्लू लागू पडतो तिथे १. मग प्रत्येक क्लूनंतर किती मूलद्रव्यं उरतात ते मोजायचं. क्लू चांगला की वाईट हे मला आता वाचून ठरवावं लागत नाही, उरलेल्यांच्या आकड्यावरून कळतं. पहिल्या क्लूनंतर पाच-सात उरावीत, दुसऱ्यानंतर दोन-तीन, तिसऱ्यानंतर नेमकं एक. पहिल्यालाच एक उरलं तर पाठांतर असलेला मुलगा लगेच उत्तर देतो आणि बाकी वर्ग नुसता बघत बसतो. तिसऱ्यानंतरही दोन उरले तर भांडण ठरलेलं.

या मापाने हेलियमचं कार्ड परत लिहिलं. आता पहिला क्लू असा आहे: "वर्गातल्या तापमानाला मी वायू आहे, मला रंग नाही आणि वासही नाही." आमच्या तीसमध्ये आठ वायू आहेत. त्यांतून फ्लोरीन आणि क्लोरीन गळतात, दोन्ही फिकट रंगाचे आणि उग्र वासाचे. उरले सहा: हायड्रोजन, हेलियम, नायट्रोजन, ऑक्सिजन, निऑन, अरगॉन. दुसरा क्लू, "माझी संयुजा शून्य आहे." उरले तीन. तिसरा म्हणजे जुनाच पहिला, दोन इलेक्ट्रॉनचा. निऑन आणि अरगॉनकडे आठ-आठ आहेत, म्हणून उरला फक्त हेलियम. जो क्लू सुरुवातीला सातजणांना लागू पडत होता तोच शेवटी ठेवल्यावर नेमका झाला. क्लू एकटा वाईट नव्हता, त्याची जागा चुकली होती.

मधल्या काळात एक क्लू काढूनही टाकला, आणि तो काढताना जीवावर आलं होतं. "माझा शोध विजयदुर्गावर लागला." कोकणात फिरलेल्या प्रत्येकाने तिथले साहेबाचे ओटे पाहिलेले असतात आणि ही गोष्ट ऐकलेली असते. पण तारखा जुळवून पाहिल्या तर ती तशी उभी राहत नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला यान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने गुंटूरहून सूर्याच्या ज्वालांचा वर्णपट पाहिला. त्यातल्या पिवळ्या रेषेचा अभ्यास लॉकयर या इंग्रज शास्त्रज्ञाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून केला. ती सोडियमच्या रेषांशी जुळत नव्हती, म्हणजे ती एका नव्या मूलद्रव्याची होती. लॉकयर विजयदुर्गावर खरंच आला होता, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर रॅमसेने १८९५ मध्ये पृथ्वीवरच्या युरेनियमच्या खनिजातून हेलियम वेगळा काढलासुद्धा होता. आता ही हकीकत कार्डाच्या मागच्या बाजूला आहे, उत्तर उघड झाल्यावर वाचायला. मुलांना ती आवडली. विजयदुर्ग पुसायचा नाही, फक्त त्याचं खरं वर्ष लिहायचं, असं मी ठरवलं.

मग वर्गातली चाचणी. हेलियम सगळ्या गटांनी ओळखला, दोघांनी तर दुसऱ्याच क्लूवर, अंदाजाने. संज्ञेत एका गटाने HE लिहिलं आणि गुण गमावला. हा नियम मी सैल करणार नाही, कारण Co हे कोबाल्ट आहे आणि CO हा कार्बन मोनॉक्साइड, हे मुलांना इथेच कळायला हवं. पण गणाच्या प्रश्नात आठपैकी पाच गटांनी २ लिहिलं. तिसरा क्लूच त्यांना तिकडे घेऊन गेला होता.

त्यांची रीत चुकीची नव्हती. मुलं शिकतात की बाह्यतम कवचात एक किंवा दोन इलेक्ट्रॉन असले तर तोच गण, आणि तीन ते आठ असले तर त्यात दहा मिळवायचे. फ्लोरीनचे सात, म्हणून गण १७. गॅलियमचे तीन, म्हणून १३. हेलियमला मात्र हा हिशेब लागू पडत नाही, कारण पहिल्या कवचात दोनच मावतात आणि ते तिथे भरून गेलेलं असतं. बेरिलियमचं दोन इलेक्ट्रॉनचं कवच अपुरं आहे, हेलियमचं पूर्ण. गण ठरतो तो या पूर्णपणामुळे.

हे फळ्यावर सांगून झालं असतं, पण मला ते खेळातच हवं होतं. म्हणून गण आता तोंडी विचारत नाही. दोन चार्ट पेपर शेजारी-शेजारी चिकटवून त्यावर १८ रकाने आखले, प्रत्येकी ७ सेंटीमीटर, आणि ९ सेंटीमीटरच्या सहा ओळी. आपलं नेहमीचं ६३ बाय ८८ मिलिमीटरचं कार्ड त्यात नीट बसतं. जिंकलेल्या गटाने उठून कार्ड आपल्या जागी चिकटवायचं आणि का ते एका वाक्यात सांगायचं. दुसऱ्या चाचणीत एका मुलीने हेलियम बेरिलियमच्या डोक्यावर लावला, थोडी थांबली, वाचून पाहिलं, "संयुजा शून्य", आणि कार्ड काढून निऑनच्या वर नेलं. कोणी काही बोललं नव्हतं.

एक अडचण वर्गातल्या जुन्या भिंतीवरच्या तक्त्याने आणली. त्यावर गण रोमन आकड्यांत A आणि B असे आहेत, म्हणून ब्रोमीनला दोन गटांनी VIIA लिहिलं. १ ते १८ ही पद्धत आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८८ मध्ये सुचवली ती याच गोंधळामुळे: अमेरिकेत VIIA म्हणजे हॅलोजन, तर युरोपातल्या जुन्या रीतीत त्याच नावाने मँगनीजचा गण. खेळाच्या वेळी तो तक्ता आता उलटा करून टांगतो.

लॅटिन संज्ञांचा भाग पुढच्या नोंदीत येईल. K साठी खताच्या पोत्यावरचं १९:१९:१९ वापरते आहे: नत्र, स्फुरद, पालाश. पण पालाश म्हटलं की मुलं P लिहितात, आणि नत्राला Na. दोन्ही क्लू पुन्हा तक्त्यात घालून बघायचे आहेत. हायड्रोजनच्या कार्डावरून मात्र गणाचा प्रश्नच काढला. तो अल्क धातूंच्या रांगेत लावायचा की हॅलोजनच्या, यावर एका तासात तीन गट भांडले, आणि तिघांकडेही पुस्तकातलंच कारण होतं. त्या कार्डाला आता भिंतीवर वेगळी चौकट दिली आहे, रकान्यांच्या बाहेर, डावीकडे वर.