ॲसिटॅनिलाइड, पावसाळा आणि 114 डिग्री

सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी काहीतरी लिही असा फोन आला तेव्हा गॅदरिंग, स्पोर्ट्स डे वगैरे सगळं आठवलं, पण ते बाकीचे लिहितीलच. मला आठवते बारावीतली, जुलै महिन्यातली केमिस्ट्री लॅब, बाहेर धो धो पाऊस, परळला पाणी भरलंय, गाड्या बंद, आणि आम्ही सात-आठ जण तसेच लॅबमध्ये अडकलेलो. सर म्हणाले, घरी जाता येत नाही ना, मग ते ॲसिटॅनिलाइड शुद्ध करा.

ॲनिलिनपासून आम्हीच बनवलेलं ते, रंग थेट गुळाच्या पावडरीसारखा. ॲसिटॅनिलाइड शुद्ध असेल तर पांढरंशुभ्र असतं आणि 114 डिग्रीला वितळतं. आमचं 104 ला ओलसर दिसायला लागलं आणि पूर्ण पातळ व्हायला 110 उजाडलं. सरांनी सांगितलं, आकडा खाली आलाय तो एक भाग, पण सहा डिग्रीची रेंज बघा, मालात भेसळ आहे हे ती रेंजच ओरडून सांगतेय.

शुद्ध करायचं म्हणजे गरम सॉल्व्हंटमध्ये, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवात, विरघळवून गार करायचं, मालाचे क्रिस्टल बाहेर पडतात आणि मळ द्रवात राहतो. मग सॉल्व्हंट कुठला घ्यायचा? सरांनी सांगितलं नाही, तीन टेस्टट्यूब दिल्या, प्रत्येकीत चिमूटभर पावडर आणि एकेक मिली सॉल्व्हंट. अल्कोहोलमध्ये थंडच विरघळलं, म्हणजे बाद, कारण थंड झाल्यावर ते बाहेर पडणारच नाही. पेट्रोलियम ईथरमध्ये गरम करूनही हललं नाही (बर्नर लांब ठेवून, गरम पाण्यात ट्यूब बुडवून, नाहीतर लॅबच पेटली असती), तेही बाद. पाण्यात थंड असताना तसंच पडून राहिलं, उकळल्यावर गायब, आणि नळाखाली ट्यूब धरली तर चकचकीत पापुद्रे. गरमात हो, गारव्यात नाही, एवढंच बघायचं होतं. खडीसाखर करणाऱ्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

5 ग्राम घेतलं. उकळत्या 100 मिली पाण्यात साधारण साडेपाच ग्राम विरघळतं आणि गार झाल्यावर त्यातलं जेमतेम अर्धा ग्राम पाण्यात राहतं, म्हणजे 100-110 मिली पुरे. मी थोडं थोडं गरम पाणी घालत होतो आणि तळाशी तपकिरी तेलासारखे थेंब दिसले. मला वाटलं घाण आहे, गाळून टाकू. सर धावत आले, अरे तो तुझा मालच आहे! पाण्याखाली ॲसिटॅनिलाइड 83 च्या आसपासच तेल होऊन बसतं, 114 ची वाट बघत नाही, आणि मळ त्या तेलात आवडीने शिरतो, तसंच गार केलं तर मळ आतच गोठतो. अजून थोडं पाणी घालून उकळव, थेंब गेले पाहिजेत. मी घाबरून एकदम 250 मिलीपर्यंत गेलो. म्हणजे सव्वा-दीड ग्राम माल त्या पाण्यालाच दान.

नंतर रंग काढायला कोळशाची पूड. ती उकळत्यात टाकायची नाही, आधी जरा गार करायचं. शेजारच्या टेबलवरच्याने टाकली तशीच आणि सगळं फसफसून उतू गेलं, टेबल काळं. गरम गरमच गाळायचं, त्यासाठी कागदाला चुण्या पाडायच्या आणि बिनदांड्याचं फनेल घ्यायचं, कारण दांड्यात क्रिस्टल जमून बूच बसतं. मग हात न लावता गार होऊ द्यायचं. मी घाईत बर्फात ठेवणार होतो, सरांनी हात धरला. पटकन गार केलं तर बारीक भुगा पडतो आणि त्याच्या आत मळाचं पाणी अडकतं.

संध्याकाळी पांढरे चमकणारे पापुद्रे मिळाले, मी खूश. केशनळीत थोडे भरून ती थर्मामीटरला बांधली आणि थिएल ट्यूबमध्ये, म्हणजे वितळायचं तापमान बघायच्या तेलाच्या नळीत, गरम केलं तर 107 ते 111! रडायचाच बाकी होतो. सरांनी नुसतं विचारलं, वाळवलंस का? मी दोन तास फॅनखाली ठेवलेलं, पण जुलैत मुंबईत फॅनखाली टॉवेल तरी वाळतो का. पाणीसुद्धा अशुद्धीच. रात्रभर डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओलावा शोषणारं कॅल्शियम क्लोराइड घातलेल्या बंद भांड्यात, ठेवलं. दुसऱ्या दिवशी शंभरच्या पुढे मिनिटाला एकच डिग्री अशा कासवगतीने तापवलं, कारण जोरात तापवलं की रेंज उगाच रुंद दिसते. 113 ला पहिला थेंब, 114 ला सगळं पारदर्शक.

तरी सरांचं समाधान नाही. 114 च्या जवळ वितळणारे दुसरेही पदार्थ असतात म्हणाले, बाटलीतलं शुद्ध ॲसिटॅनिलाइड घे, तुझ्यात निम्मं मिसळ, परत बघ. पदार्थ दुसरा असता तर मिश्रण खाली वितळलं असतं. परत 113-114.

जर्नलमध्ये लाल पेनने लिहिलेलं: 'रेंज बरोबर. 5 ग्रामचे 2.9 ग्राम. पाणी कमी वापरा.'