तुम्ही विचारलंत म्हणून : झेलमच्या 40 तासांसाठी चार सिनेमे

"काकू, तुम्ही दरवर्षी झेलमने जम्मूला जाता. वाटेत नेट नसतं तेव्हा बघायला कुठले सिनेमे डाऊनलोड करून नेता, आणि ते ठरवता कसे?"

चारच नेते, आणि प्रत्येकाची वेळ घरीच ठरवते. हा भोपाळ सोडल्यावर, तो दिल्लीनंतर, असं. पहिल्या एक-दोन वर्षांत मी दहा-बारा भरून नेत होते. वर्षभर "बघायचाय, बघायचाय" म्हणून बाजूला ठेवलेले सगळे. त्यातला एकही धड बघून व्हायचा नाही, कारण ते सिनेमे चांगले होते पण गाडीतले नव्हते.

पुण्याहून गाडी संध्याकाळी सुटते आणि तिसऱ्या दिवशी सकाळी जम्मूला पोचते. 40 तास ऐकायला पुष्कळ वाटतात. पण त्यात दोन रात्रींची झोप आहे, जेवणं आहेत, समोरच्या बर्थवरच्या माणसांशी गप्पा आहेत आणि नुसतं खिडकीबाहेर बघणं आहे. मी एकदा सगळा हिशोब मांडला तेव्हा सिनेमासाठी खरे सात-आठ तास उरतात असं निघालं. म्हणून चार.

आता वेळेचं. पहिली संध्याकाळ फार तुटक जाते. सामान लावायचं, टीसी येतो, दौंडला माणसं चढतात, नगरच्या आसपास डबे उघडतात, मग कुणाला तरी मधला बर्थ लावायचा असतो आणि आपण उठून उभं राहायचं. नवा सिनेमा अशा वेळी दर दहा मिनिटांनी हातातून सुटतो. म्हणून पहिल्या संध्याकाळी मी पाठ असलेलाच सिनेमा लावते. 'अशी ही बनवाबनवी' कुठेही थांबवा, कुठूनही सुरू करा, काही बिघडत नाही. मनमाड येईपर्यंत जेवढा होईल तेवढा बघायचा आणि झोपायचं.

दुसऱ्या दिवशी इटारसीला उजाडतं. भोपाळ गेलं की ऊन चढतं आणि खालच्या बर्थवर फोनच्या पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसायला लागतो. या वेळेसाठी काळोखातला सिनेमा कधीही घेऊ नका. रात्रीची दृश्यं, पावसाळी घर, दिव्याच्या उजेडातली बोलणी यातलं काहीही दिसत नाही. पडद्याचा उजेड पूर्ण वाढवला तर बॅटरी दुपारपर्यंत निम्म्यावर येते. दिवसासाठी उन्हात चित्रित झालेला सिनेमा हवा. शेतं, रस्ते, मोकळं मैदान, भरपूर रंग.

दिवसाची दुसरी अडचण आवाजाची आहे, आणि ती उजेडापेक्षा मोठी आहे. रुळांचा आवाज खालच्या पट्टीत घुमतो आणि नेमका त्याच पट्टीतला पुरुषांचा दबका आवाज गिळून टाकतो. इअरफोनचा आवाज वाढवला तर गाणी कानात घुसतात, पण कुजबुजलेलं वाक्य तरीही कळत नाही. ज्या सिनेमात माणसं हळू आणि तुटक बोलतात तो दिवसा गाडीत सबटायटलशिवाय लावूच नये. आपल्या भाषेतला असला तरीसुद्धा. 'कोर्ट' मराठी सिनेमा म्हणून आपण निर्धास्त असतो, पण त्यात मराठीबरोबर हिंदी, गुजराती आणि इंग्रजीही बोलली जाते, आणि कॅमेरा लांब उभा असतो. सबटायटल नसेल तर गाडीत त्याचा अर्धा अर्थ निसटतो.

सबटायटलचं मी मुद्दाम सांगते, कारण त्यात माझा एक अख्खा दिवस गेला होता. एक मल्याळम सिनेमा मोठ्या हौसेने घेतला होता. घरी वायफायवर पाच मिनिटं लावून पाहिला तेव्हा खाली अक्षरं दिसत होती. झाशीच्या अलीकडे नेट गेलेलं असताना लावला तर चित्र आहे, आवाज आहे, अक्षरं नाहीत. घरी दिसली होती ती नेटवरून येत होती. डाऊनलोड होताना ॲप दरवेळी सगळ्या भाषा उतरवत नाही. ज्या भाषेचा आवाज आणि ज्या भाषेची अक्षरं त्या वेळी निवडलेली असतात, बरेचदा तेवढीच फाइलबरोबर येतात. म्हणून आधी सिनेमा सुरू करायचा, आवाज आणि सबटायटल हवं ते लावायचं, आणि मग डाऊनलोडचं बटण दाबायचं. जमलं की नाही हे वायफाय चालू ठेवून कळत नाही. फोन एअरप्लेन मोडवर टाकून लावून बघायचं.

पण इथे एक मेख आहे. बऱ्याच सिनेमांचं घड्याळ आपण पहिल्यांदा लावला की सुरू होतं. प्राइम व्हिडिओवर साधारणपणे डाऊनलोड केलेला सिनेमा 30 दिवसांत सुरू करायचा असतो, आणि एकदा सुरू केला की 48 तासांत संपवायचा असतो. नेटफ्लिक्सवरही काही सिनेमांना अशीच 48 तासांची मुदत असते, काहींना जास्त. मुदत पुन्हा वाढवून घेता येते, पण त्यालाही नेट लागतं. म्हणजे निघायच्या आदल्या रात्री मी चारही सिनेमे एकेक मिनिट लावून तपासले, तर दुसऱ्या रात्रीचा सिनेमा दिल्लीच्या पुढे गाडीतच बंद पडू शकतो. आदल्या रात्री दहापासून मोजा. 48 तास संपतात ते नेमके गाडीतल्या दुसऱ्या रात्री दहाला, म्हणजे मी तो उघडायला बसते तेव्हा.

म्हणून डाऊनलोड मी दोन-तीन दिवस आधी करते आणि त्याच वेळी तपासते, अगदी निघताना नाही. तपासून झालं की डाऊनलोडच्या यादीत मुदतीबद्दल काही लिहून आलंय का बघते. ज्याच्यापुढे मुदत लागलेली दिसते तो पुसून निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा उतरवते. तीच भाषा, तेच सबटायटल, आणि या वेळी न लावता. पाठ असलेल्या सिनेमाची मात्र मी कधीच काळजी करत नाही.

चित्राच्या दर्जाचं थोडक्यात सांगते. फोनच्या पडद्यावर साधा दर्जा पुरतो. माझ्या फोनवर दोन तासांचा सिनेमा त्यात अर्ध्या जीबीच्या आसपास येतो. फक्त रात्रीसाठी घेतलेला काळोखा सिनेमा मी वरच्या दर्जात उतरवते, कारण साध्या दर्जात अंधाराचे चौकोनी डाग पडतात आणि भिंतीजवळ उभा माणूस भिंतीतच विरघळतो. जागा कमी पडली तर दिवसाचा सिनेमा हलका करा, रात्रीचा नको.

मागच्या खेपेचे चार सांगते, म्हणजे नीट लक्षात येईल. पहिल्या संध्याकाळी बनवाबनवी. दुसऱ्या दिवशी भोपाळनंतर 'पुष्पक'. दुपारी झाशी गेल्यावर गाण्यांचा एक जुना हिंदी सिनेमा, ज्यात गोष्ट सुटली तरी गाणी हाताशी राहतात आणि मध्येच आग्र्याला चहा घ्यायला उठता येतं. आणि दिल्लीला गाडी भरून शांत झाली, डब्यातले दिवे मालवले, की वरच्या बर्थवर 'तुंबाड'. पाऊस, वाडा, कंदिलाचा उजेड. जो सिनेमा दिवसा दिसलाही नसता तो तिथे, चादर डोक्यावर घेऊन, असा दिसला की थिएटरची आठवण आली नाही. पावणेदोन तासांचा आहे, म्हणजे झोपही मोडत नाही.

पण मला राहून राहून आठवतो तो 'पुष्पक'. 1987 चा, कमल हासनचा, आणि त्यात एकही संवाद नाही. संवादच नाहीत म्हटल्यावर रुळांचा आवाज गिळणार काय? मी इअरफोनही लावले नव्हते, आवाज पूर्ण बंद करून बघत होते. समोरच्या बर्थवर सात-आठ वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे वडील फौजेत, ते सुट्टी संपवून परत चालले होते. तो आधी लांबून बघत होता, मग माझ्या गुडघ्याला टेकला, मग शेजारीच बसला. त्याला मराठी येत नव्हतं आणि माझं हिंदी बेताचं, पण त्या सिनेमात कुणाला काहीच समजावून सांगावं लागत नाही. मारेकरी बर्फाचा सुरा वापरतो आणि तो वितळून जातो, तिथे त्याने माझा हात धरला आणि विचारलं, "आंटीजी, छुरी कहाँ गई?" मी म्हटलं, "पानी हो गई." त्याने बीना स्टेशन येईपर्यंत ती गोष्ट वडिलांना तीनदा सांगितली.

तेव्हापासून चारातला एक सिनेमा मी असाच घेते, शेजारी बसलेल्या कुणालाही आवाजाशिवाय कळेल असा. गाडीत फोन आपल्या एकट्याचा राहत नाही.

चार्जिंगचंही लक्षात ठेवा. डाऊनलोड असले की फोन एअरप्लेन मोडवर ठेवता येतो, आणि बॅटरी खरी वाचते ती तिथे. धावत्या गाडीत फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि गरम होतो. रात्री डब्यातले चार्जिंग पॉइंट बंद ठेवण्याची पद्धत काही गाड्यांत आहे, त्यामुळे दुसऱ्या रात्रीच्या सिनेमासाठी फोन संध्याकाळी आग्रा-मथुरेदरम्यानच भरून घ्यायचा.

आणि शेवटचं, जे पहिल्या वेळी मला कुणी सांगितलं नव्हतं. पठाणकोट सोडून रावी ओलांडली की आपलं प्रीपेड सिम चालत नाही. जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्यांतलं पोस्टपेडच चालतं. म्हणजे मुदत संपलेला सिनेमा जम्मूच्या फलाटावर उभं राहून पुन्हा चालू करून घेऊ असं म्हणाल तर ते होणार नाही. परतीचे चार सिनेमे मी मुलाच्या घरच्या वायफायवर उतरवते, परतायच्या दोन दिवस आधी, रात्रीची भांडी आवरून झाल्यावर. सून विचारते, "आई, यातला उन्हातला कुठला?" मग आम्ही दोघी मिळून एकेकाची पहिली पाच मिनिटं बघतो आणि ठरवतो.